पॉलिसीवर कर्ज: किती मिळते, व्याज कसे चढते आणि मागे राहिलेल्यांच्या हातात किती पडते

*प्रश्न: एलआयसीची एंडोमेंट पॉलिसी आहे, मार्च २०१४ मध्ये काढलेली. विमा रक्कम ५ लाख, मुदत २० वर्षे, वर्षाचा हप्ता २४,८००. अकरा हप्ते भरून झालेत. दोन लाखांची गरज आहे. पॉलिसीवर कर्ज मिळेल का, व्याज किती लागेल, आणि कर्ज असताना माझं काही बरंवाईट झालं तर बायकोला पूर्ण पाच लाख मिळतील का? अर्ज कसा करायचा तेही सांगा.*

कर्ज मिळेल. बायकोला पूर्ण रक्कम मिळणार नाही. देय रकमेतून कर्ज आणि त्या दिवसापर्यंतचे व्याज वजा होऊन उरलेले मिळेल. ही वजावट किती मोठी होईल हे मात्र कर्जाच्या रकमेपेक्षा पुढच्या दोन गोष्टींवर ठरते: विम्याचा हप्ता चालू राहतो का, आणि व्याज दर सहामाहीला भरले जाते का. हप्ता चालू ठेवला तर कर्ज पॉलिसीचे फारसे वाकडे करत नाही. हप्ता बंद आणि व्याजही बंद, अशा जोडीने पॉलिसी संपते.

किती कर्ज मिळू शकते

कर्ज विमा रकमेवर मिळत नाही, भरलेल्या हप्त्यांच्या बेरजेवरही नाही. ते सरेंडर मूल्यावर मिळते, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर कंपनी जे देईल त्यावर. त्यामुळे सरेंडर मूल्यच नसेल तर कर्जही नाही. साध्या टर्म विम्यावर ते नसते, म्हणून त्यावर कर्ज मागण्यात अर्थ नाही. युलिपवर कर्ज देताच येत नाही. तिथे पाच वर्षांनंतर अंशतः रक्कम काढण्याचा मार्ग आहे. जुन्या एंडोमेंट आणि मनी बॅक पॉलिसींना साधारण तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरल्यावर सरेंडर मूल्य येत असे, नंतर काही योजनांत दोन वर्षे झाले. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनंतर आलेल्या योजनांत एका वर्षाच्या हप्त्यानंतरही ते येऊ शकते, आणि बचतीच्या सगळ्या आयुर्विमा योजनांत कर्जाची सोय ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले आहे. तुमचे अकरा हप्ते झालेत, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला नाही.

सरेंडर मूल्याचा हिशेब असा असतो. आज हप्ते थांबवले तर विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते. तुमच्या बाबतीत ५ लाखांचे ११/२०, म्हणजे २,७५,०००. याला पेड-अप मूल्य म्हणतात. त्यात आजवर जमा झालेला बोनस मिळवायचा. तुमच्यासाठी तो २,३०,००० धरू (खरा आकडा शाखेत मिळेल). बेरीज झाली ५,०५,०००. पण ही रक्कम २०३४ मध्ये, मुदत संपताना देय आहे. आज हवी असेल तर कंपनी तिला एका गुणकाने कमी करते, आणि मुदत संपायला जितकी वर्षे उरली असतील तितका गुणक लहान. नऊ वर्षे उरलेली असताना ५,०५,००० चे सुमारे २,६०,००० होतात असे धरू. अकरा हप्त्यांचे २,७२,८०० भरून २,६०,००० कसे, असा राग बऱ्याच जणांना येतो. पण दहा-बारा वर्षांच्या एंडोमेंटचे चित्र साधारण असेच दिसते, आणि म्हणूनच पैशाची नड असताना पॉलिसी मोडण्यापेक्षा कर्ज घेणे बहुधा बरे पडते.

या सरेंडर मूल्याचे ठरावीक टक्के कर्ज मिळते. बऱ्याच पॉलिसींत चालू पॉलिसीला ९० टक्क्यांपर्यंत आणि हप्ते बंद पडलेल्या पेड-अप पॉलिसीला ८० टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा असते. नव्या योजनांत ती वेगळीही आहे, म्हणून बाँडमधले कर्जाचे कलम वाचून घ्या. तुमची मर्यादा झाली २,३४,०००. तुम्हाला दोन लाख हवेत, तर दोन लाखच घ्या. शाखेत बहुतेक वेळा 'कमाल किती बसते ते काढून देऊ का' असे विचारतात. नको म्हणा. वरचे चौतीस हजार हीच तुमची पुढची सुरक्षित जागा आहे. ती का लागते ते खाली कळेल.

व्याज

शाखेतून मिळणाऱ्या कोटेशनवर जो दर लिहून येईल तो खरा. इथे हिशेबासाठी वार्षिक ९.५ टक्के, सहामाही चक्रवाढ धरतो. मे २०२४ पासूनच्या वर्षासाठी एलआयसीच्या नव्या योजनांत हाच दर होता. त्या योजनांत दर वर्षी १ मे ते ३० एप्रिल या काळासाठी दर ठरतो. त्याची कमाल सरकारी दहा वर्षांच्या रोख्याच्या परताव्याला किंवा एलआयसीच्या स्वतःच्या निधीच्या परताव्याला बांधलेली असते, आणि कर्ज मंजूर होताना लागलेला दर त्या कर्जाला शेवटपर्यंत लागू राहतो. तुमची पॉलिसी २०१४ ची आहे, म्हणून दर शेवटपर्यंत स्थिर की बदलता, हे शाखेतून लेखी घ्या.

दोन लाखांवर सहा महिन्यांचे व्याज ९,५००. व्याजाच्या तारखा कर्जाच्या तारखेवरून पडत नाहीत, पॉलिसीच्या वार्षिक तारखेवरून पडतात. पॉलिसीची तारीख २८ मार्च असेल तर व्याज २८ मार्च आणि २८ सप्टेंबरला देय. कर्ज १० जानेवारीला मिळाले तर पहिले व्याज २८ मार्चपर्यंतच्या ७७ दिवसांचे, सुमारे ४,००० रुपये, आणि त्यानंतर दर सहामाहीला ९,५००. इथे लोक चुकतात. 'सहा महिन्यांनी भरायचे' एवढेच लक्षात ठेवतात आणि जुलैची वाट बघत बसतात. मार्चचे व्याज तोवर मुद्दलात मिळालेले असते.

आणखी एक अट छोट्या अक्षरांत असते. कर्ज घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत फेडले तरी पूर्ण सहा महिन्यांचे व्याज द्यावे लागते. दोन महिन्यांसाठी दोन लाख घेतले तरी ९,५०० गेलेच. मृत्यूचा किंवा मुदतपूर्तीचा दावा सहा महिन्यांत आला तर मात्र त्या तारखेपर्यंतचेच व्याज कापतात. थोड्या दिवसांची नड असेल तर हे कर्ज महाग पडते, तिथे मुदत ठेवीवरचा ओव्हरड्राफ्ट किंवा सोनेतारण आधी तपासा.

मुद्दल फेडण्याची सक्ती नसते, ईएमआय नसतो. दोन लाख मुदत संपेपर्यंत तसेच ठेवता येतात आणि शेवटच्या रकमेतून वळते होतात. ही सवलत आहे, पण व्याजही तसेच सोडले तर तीच अंगावर येते. न भरलेले व्याज दर सहामाहीला मुद्दलात मिळते, आणि ९.५ टक्क्यांच्या सहामाही चक्रवाढीने रक्कम साधारण साडेसात वर्षांत दुप्पट होते. दोन लाखांचे चार वर्षांनी सुमारे २,९०,०००, नऊ वर्षांनी सुमारे ४,६१,००० होतात. तेच व्याज वेळच्या वेळी भरले तर नऊ वर्षांत एकूण १,७१,००० जातात आणि कर्ज दोन लाखच राहते.

मृत्यूनंतर बायकोच्या हातात किती

कर्ज असले तरी पूर्ण विमा रकमेवर बोनस चढत राहतो. कर्जामुळे बोनस कमी होत नाही. अशा पॉलिसीला वर्षाला साधारण २१,००० बोनस धरू. समजा, कर्ज घेतल्यावर चार वर्षांनी दावा आला. त्या दिवशी १५ हप्ते झालेले, बोनस ३,१४,०००.

पहिली शक्यता, हप्तेही भरले आणि व्याजही भरले. देय ५,००,००० अधिक ३,१४,०००, म्हणजे ८,१४,०००. त्यातून दोन लाख वजा. नॉमिनीला ६,१४,०००. शेवटच्या व्याज तारखेनंतरचे थोडे दिवसांचे व्याज आणखी कापले जाईल, तेवढाच फरक.

दुसरी, हप्ते भरले पण व्याज एकदाही भरले नाही. ८,१४,००० मधून २,९०,००० वजा. हातात ५,२४,०००. नुकसान नव्वद हजारांचे, पण छत्र टिकले.

तिसरी शक्यता नीट बघा. कर्ज मिळाल्यावर मार्चचा हप्ता भरला नाही, नंतरचेही नाहीत, व्याजही नाही. पॉलिसी पेड-अप झाली. आता देय विमा ५ लाख नाही, २,७५,००० आहे, आणि बोनस होता तिथेच थांबला. ५,०५,००० मधून २,९०,००० वजा, उरले २,१५,०००. पहिल्या शक्यतेच्या जवळपास एक तृतीयांश. या फरकातला मोठा भाग हप्ता थांबल्यामुळे आला आहे, कर्जामुळे नाही. तरी घरी ऐकू येते ते 'कर्जाने पॉलिसी खाल्ली'.

आणि इथेच त्या चौतीस हजारांचा प्रश्न येतो. पेड-अप पॉलिसीचे सरेंडर मूल्य दर वर्षी वाढते, कारण मुदत जवळ येते. पण आपल्या उदाहरणात ते वर्षाला साडेसात-पावणेआठ टक्क्यांनी वाढते आणि थकलेले कर्ज पावणेदहा टक्क्यांनी. दोन लाख घेतले असतील तर नऊ वर्षांनी कर्ज ४,६१,०००, देय रक्कम ५,०५,०००. रखडत का होईना निभावते. कमाल मर्यादेचे २,३४,००० घेतले असतील तर नऊ वर्षांनी कर्ज ५,३९,००० च्या वर जाते. म्हणजे मुदत संपण्याआधीच कर्ज सरेंडर मूल्याला गाठणार. गाठले की कंपनी नोटीस पाठवते, आणि तुम्ही काहीच भरले नाही तर पॉलिसी बंद करून सरेंडर मूल्य कर्जात वळते करते. याला फोरक्लोजर म्हणतात. त्यानंतर मृत्यू झाला तर दाव्याला काही उरत नाही. नव्या नियमांखालच्या योजनांत हप्ते चालू असलेली किंवा सगळे हप्ते भरून झालेली पॉलिसी केवळ कर्ज थकले म्हणून अशी बंद करत नाहीत. हप्ते मध्येच सोडलेल्या पॉलिसीला हा धोका असतो. जुन्या बाँडची अट जशी छापली असेल तशी. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, म्हणून कर्जाचा अर्ज देतानाच पत्ता आणि मोबाइल नंबर बदलून घ्या. भाड्याची घरे बदलणाऱ्यांच्या पॉलिसी अशाच नकळत बंद होतात.

तेव्हा पैसे अपुरे पडत असतील तर क्रम असा ठेवा: आधी हप्ता, मग व्याज, मग मुद्दल. वाढीव कर्जाला जागा शिल्लक असेल तर एखाद्या वर्षीचा हप्ता त्यातूनही भरता येतो. ठेवलेली जागा तिथे कामी येते.

नॉमिनीचा हक्क जातो का, असेही विचारतात. कर्ज देताना पॉलिसी कंपनीच्या नावे असाइन होते, म्हणजे तिच्यावरचा हक्क कंपनीकडे जातो, म्हणून ही भीती. विमा कायदा १९३८ च्या कलम ३९ नुसार विमा कंपनीने त्याच पॉलिसीवर दिलेल्या कर्जासाठीच्या असाइनमेंटने नॉमिनेशन रद्द होत नाही. नॉमिनीचा हक्क कंपनीच्या येण्यापुरता मागे सरकतो इतकेच. पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून नोंदलेले आहे ना, हे मात्र कोटेशन घेतानाच बघा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून आईचेच नाव असते.

अर्ज

आधी फक्त कोटेशन मागा. शाखेच्या खिडकीवर पॉलिसी नंबर दिला की मिळते. पोर्टलवर नोंदणी केलेली असेल तर तिथेही कर्जाची पात्रता दिसते आणि ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. कोटेशनवर सरेंडर मूल्य, कमाल कर्ज, दर, आणि आधीचे कर्ज असल्यास त्याची बाकी, एवढे तपासा. मग कंपनीचा छापील कर्ज-अर्ज (असाइनमेंटचा मजकूर त्यातच असतो), मूळ बाँड, नाव छापलेला रद्द केलेला चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, पॅन आणि आधारची प्रत. छापील अर्जासोबत एक साधे पत्र जोडलेले चांगले, कारण त्यात तुम्ही रक्कम आणि माहिती लेखी मागितल्याचा पुरावा राहतो:

> प्रति,
> शाखा व्यवस्थापक,
> (शाखेचे नाव व पत्ता)
>
> विषय: पॉलिसी क्र. ........ वर कर्ज मिळणेबाबत.
>
> महोदय,
> वरील पॉलिसी माझ्या नावे असून दि. ........ पर्यंतचे सर्व हप्ते भरलेले आहेत. या पॉलिसीवर मला रु. २,००,००० (अक्षरी दोन लाख फक्त) एवढेच कर्ज हवे आहे. कमाल मर्यादेइतके नको. ही पॉलिसी अन्य कोणाकडेही तारण नाही.
>
> कर्ज देताना पुढील माहिती लेखी द्यावी, ही विनंती: (१) व्याजदर आणि तो कर्ज फिटेपर्यंत स्थिर राहील किंवा कसे, (२) पहिल्या व
> त्यानंतरच्या व्याजाच्या तारखा. (३) नोंदणीत असलेल्या नॉमिनीचे नाव. (४) व्याज थकल्यास पॉलिसी बंद करण्याबाबतची अट.
>
> माझा सध्याचा पत्ता व मोबाइल नंबर खाली दिला आहे, तो नोंदवावा. रक्कम सोबतच्या चेकवरील खात्यात जमा करावी.
>
> सोबत: छापील कर्ज-अर्ज, मूळ बाँड, रद्द केलेला चेक, पॅन व आधारची प्रत.
>
> आपला विश्वासू,
> (सही, बाँडच्या प्रस्तावावर आहे तशी)
> नाव, पत्ता, मोबाइल, दिनांक

दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या.

अडते ते बहुतेक ठरलेल्या जागी. सही जुळत नाही: अकरा वर्षांपूर्वी मराठीत केलेली सही आता इंग्रजीत होते, तर ओळखपत्र घेऊन स्वतः जावे लागते. खात्यावरचे नाव आणि पॉलिसीवरचे नाव वेगळे: लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या पॉलिसीत हे नेहमीचे, विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत देऊन आधी नाव बदलून घ्यावे, मग कर्ज. पॉलिसी पूर्वी गृहकर्जासाठी बँकेकडे असाइन केलेली होती, कर्ज फिटले पण पुन्हा तुमच्या नावे करून घ्यायचे राहिले: बँकेने बाँडवर फेरअसाइनमेंट करून ती विमा कंपनीत नोंदवेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही.

पगारातून हप्ता कापला जाणाऱ्यांनी, म्हणजे शिक्षक, एसटी, जिल्हा परिषद वगैरे, कोटेशनआधीच मधले गॅप तपासावेत. बदलीच्या महिन्यात कापलेला हप्ता कंपनीत पोहोचलेलाच नसतो, आणि पॉलिसी नोंदीत थकीत दिसते. त्या महिन्याच्या पगारपत्रकाची प्रत देऊन गॅप भरून घ्यावा लागतो किंवा तो हप्ता व्याजासह भरावा लागतो.

बाँड हरवला असेल तर नुकसानभरपाईचे हमीपत्र देऊन दुय्यम बाँड काढावा लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून कर्जाची घाई नसतानाच बाँड शोधून ठेवा. आणि विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे काढलेली पॉलिसी असेल तर ती त्यांच्यासाठीच्या विश्वस्तनिधीत मोडते. तिच्यावर तुम्ही स्वतःच्या गरजेसाठी कर्ज काढू शकत नाही.

कागद बरोबर असतील तर रक्कम थेट खात्यात जमा होते. ती उत्पन्न नसल्यामुळे तिच्यावर आयकर नाही. बाँड कंपनीकडे राहतो. घरात जिथे बाँड ठेवला होता तिथे कर्जाचे मंजुरीपत्र आणि व्याजाच्या पावत्या ठेवा, आणि बायकोला दाखवून ठेवा. दाव्याच्या वेळी घरची माणसे आठवडे बाँड शोधत बसतात, आणि तो असतो शाखेच्या कपाटात.

व्याज आणि मुद्दल दोन्ही licindia.in वर लॉगिन न करताही भरता येतात. तिथे कर्जाचे व्याज आणि कर्जाची परतफेड हे दोन वेगळे पर्याय आहेत, आणि विम्याच्या हप्त्याचा पर्याय तिसरा. हप्ता भरला म्हणजे व्याज भरले असे होत नाही. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या येतात. मुद्दल थोडेथोडे भरता येते, आणि भरल्या दिवसापासून तेवढ्या रकमेचे व्याज थांबते. नोकरीतल्या बोनसचे किंवा दिवाळीला हातात आलेले दहा-वीस हजार इथे टाकले तर ९.५ टक्के वाचतात. कर्ज पूर्ण फिटले की मूळ बाँड परत मागा आणि त्यावर फेरअसाइनमेंटचा शेरा पडला आहे का ते शाखेतच बघून घ्या.